‘म्हणे’ गळून पडतं तेव्हा

पत्र:

ताई, आमचा डोंबिवलीचा लोकलचा ग्रुप आहे, नऊ जणी, सकाळची फास्ट, लेडीज डबा, आठ वर्षं झाली. आमची भिशी पण आहे, दर महिना 2000, हिशोब माझ्याकडे असतो. जूनमध्ये एका मैत्रिणीकडे पैसे दोनदा मागावे लागले, पाच दिवस उशिरा आले. एके दिवशी ती नव्हती तेव्हा मी डब्यात सहज म्हटलं की या वेळी हिच्या मागे लागावं लागलं. मग दुसरी म्हणाली माझ्याकडून पण 500 घेतले होते, तिसरी म्हणाली नवऱ्याचं काहीतरी असेल, आणि विषय दादरपर्यंत चालला. पंधरा दिवसांनी तिच्या सासूबाईंना देवळात कोणीतरी विचारलं की घर विकताय का, मुलाची नोकरी गेली ना. असं काहीही नव्हतं. तिला कळलं की सुरुवात आमच्या डब्यात झाली आणि सुरुवात मी केली. आता ती वेगळी गाडी पकडते, माझे फोन उचलत नाही. ताई, मी खोटं काहीच बोलले नव्हते. आणि सगळ्याच बोलतात, मीच काय वेगळं केलं? आता काय करू? आणि असं बोलायचंच नाही म्हटलं तर दीड तास बोलायचं तरी काय?

— भिशीवाली, डोंबिवली

उत्तर:

प्रिय मैत्रिणी, तुला अगं-तुगं करते, चालेल ना.

‘मी खोटं काहीच बोलले नव्हते’ हे तुझं वाक्य मी दोन-तीनदा वाचलं, कारण माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रत्येक पत्रात ते असतंच. आपण सगळ्यांनी लहानपणी एकच शिकलोय की खोटं बोलू नये, त्यामुळे खरं असलं की बोलायला मोकळीक आहे असं आपण धरून चालतो. पण निंदा बहुतेक वेळा खरीच असते गं. खोट्याला निदान उत्तर देता येतं, ‘असं काही नाही’ म्हणता येतं. पैसे उशिरा आले हे खरं होतं, त्याला ती बिचारी काय उत्तर देणार?

आपला कायदासुद्धा नुसतं खरं आहे एवढ्यावर माणसाला सोडत नाही, हे फार जणांना माहीतच नसतं. भारतीय न्याय संहितेचं 356 कलम, जे 1 जुलै 2024 पासून लागू झालं आणि त्याआधी दंड संहितेत 499 होतं, ते बदनामीचं कलम. त्यात सत्याचा अपवाद आहे, पण अट अशी की ते सत्य सांगणं सार्वजनिक हिताचं असलं पाहिजे. आणि अजून एक अपवाद आहे जो मला फार शहाणपणाचा वाटतो. एखाद्याला दुसऱ्याबद्दल सद्‌हेतूने सावध करणं, ऐकणाऱ्याच्या भल्यासाठी, ही बदनामी धरत नाहीत. हे मी तुला घाबरवायला सांगत नाहीये, कोर्टाचा इथे काही संबंधच नाही. मला फक्त एवढंच दाखवायचंय की प्रश्न ‘खरं का खोटं’ इथे संपत नाही, तो पुढे जातो, की हे कोणाच्या भल्यासाठी सांगितलं? तू डब्यात जे म्हणालीस त्याने डब्यातल्या कोणाचं काय भलं होणार होतं? पैसे तर आलेले होते.

आता तुझ्या वाक्याचं पुढे काय झालं ते बघू. यात तुझा वाटा किती आणि इतरांचा किती हे मोजायला नाही, तर ते दुरुस्त कसं करायचं हे त्यातूनच कळेल म्हणून.

तू म्हणालीस ‘या वेळी हिच्या मागे लागावं लागलं’. पूर्ण गोष्ट अशी होती की दोनदा विचारावं लागलं, पाच दिवस उशीर झाला आणि मग पूर्ण 2000 आले. ‘पैसे आले’ हा भाग पहिल्याच वाक्यात गळाला, तुझ्याच तोंडी, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. मग 500 ची गोष्ट त्याला जोडली गेली. ते 500 तिने परत केले होते का हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस, मला वाटतं डब्यातही कोणी विचारलं नसेल. आता दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या की त्यांना कारण हवं असतं, माणसाचं डोकं असंच चालतं, आणि ते कारण तिसरीने पुरवलं, नवऱ्याचं काहीतरी असेल.

या ‘असेल’कडे बघ जरा. आपल्या मराठीत याची फार छान सोय आहे, ‘असेल’, ‘म्हणे’, ‘वाटतं’, ‘बहुतेक’. मला पक्कं माहीत नाही हे सांगणारे हे छोटेसे शब्द आहेत. पण गोष्ट दुसऱ्या तोंडी गेली की सगळ्यात आधी हेच शब्द पडतात. ‘नवऱ्याची नोकरी गेली असेल’ हे घरी जाऊन नवऱ्याला सांगताना ‘नोकरी गेली म्हणे’ होतं, आणि तो लिफ्टमध्ये कोणाला तरी सांगतो तेव्हा नुसतं ‘नोकरी गेली’. डोंबिवलीत नोकरी गेलेला माणूस हप्ते कसे भरेल, म्हणून घर विकायला निघालं. कोणीच मुद्दाम खोटं बोललं नाही बघ, प्रत्येकाने एक-एक शब्द कमी केला किंवा एक-एक वाढवला, आणि पंधरा दिवसांत ते देवळात सासूबाईंच्या पुढ्यात जाऊन उभं राहिलं.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी अफवा कशा पसरतात यावर काम केलं होतं, ते 1947 साली प्रसिद्ध झालं. त्यांचं एक चित्र होतं आणि योगायोग बघ, ते रेल्वेच्या डब्याचंच होतं. डब्यात माणसं बसलेली, उभी, एक गोरा माणूस आणि एक कृष्णवर्णीय माणूस समोरासमोर बोलतायत आणि गोऱ्याच्या हातात वस्तरा आहे. चित्र एकाला दाखवायचं, त्याने दुसऱ्याला फक्त तोंडी सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं पुढे पुढे. पाच-सहा तोंडांत जवळजवळ 70 टक्के बारकावे गळून गेले. ते तर झालंच, पण कितीतरी वेळा वाटेत कुठेतरी तो वस्तरा गोऱ्याच्या हातातून कृष्णवर्णीयाच्या हातात गेला. म्हणजे जे उरतं ते नुसतं कमी होत नाही, ते ऐकणाऱ्याच्या मनात आधीच जे बसलेलं असतं त्या बाजूला वळतं. आपल्याकडे बाईने पैसे उशिरा दिले की नवऱ्याचं काहीतरी बिनसलंय हे आधीच मनात तयार असतं. ती कदाचित नेटबँकिंगचा पासवर्ड विसरली असेल, मुलाची फी भरली असेल, नुसतं विसरली असेल. पण विसरली हे कारण कोणालाच आवडत नाही ना, त्यात गोष्ट नाही.

म्हणून ‘मीच काय वेगळं केलं’ याचं उत्तर असं की तू वेगळं काही केलं नाहीस, पण तू भिशीचा हिशोब ठेवतेस. बाकीच्यांनी अंदाज केले, तुझ्याकडे माहिती होती. कोणाचे पैसे कधी आले हे तुला विश्वासाने कळतं, जसं डॉक्टरला किंवा सोसायटीच्या खजिनदाराला कळतं. त्यामुळे तुझ्या तोंडून आलेल्या वाक्याला वजन आलं आणि त्यावर बाकीचे अंदाज उभे राहिले. तिला सगळ्यात जास्त हेच लागलं असणार असं मला वाटतं.

मला स्वतःला एकदा याची दुसरी बाजू अनुभवायला मिळालीये. खूप वर्षांपूर्वी एका ऑफिसात होते, वडील आजारी म्हणून 12 दिवस रजा घेतली. परत आले तर मी पँट्रीत शिरले की बोलणं थांबायचं, कोणीतरी कप धुवायला लागायचं. नंतर कळलं की मी दुसरीकडे इंटरव्ह्यू देतेय अशी चर्चा होती. बोलले त्याचं मला एवढं वाटलं नाही. पण त्या 12 दिवसांत त्यातल्या एकीनेही फोन करून बाबा कसे आहेत विचारलं नव्हतं, ते लागलं, अजून लागतं. माझ्याबद्दल बोलायला त्यांच्याकडे वेळ होता.

तर मग पाठीमागे बोलायचंच नाही का? नाही, तसं मी अजिबात म्हणत नाही. आपल्या भाषेत यासाठी किती वेगवेगळे शब्द आहेत बघ, विचारपूस, गप्पा, कागाळी, चहाडी, चुगली, निंदा, कुचाळक्या, आणि आपण हल्ली सगळ्यालाच गॉसिप म्हणून मोकळे होतो त्यामुळे घोळ होतो. ‘तिच्या आईचं ऑपरेशन झालं ना, कशी आहे?’ ही विचारपूस, ती पाठीमागेच होते आणि व्हायलाच पाहिजे. ऑफिसात एखादा साहेब नव्या मुलींशी नीट वागत नाही आणि जुनी बाई नवीला म्हणते की त्याच्या केबिनमध्ये एकटी थांबू नकोस, तर ती चुगली नाही, तो इशारा आहे, आणि तो दिलाच पाहिजे. ‘कोणाबद्दल वाईट बोलू नये’ हे वाक्य अशा बायकांची तोंडं बंद करायला किती वेळा वापरलं जातं हे मी बघितलंय आणि मला त्याचा फार राग येतो. फक्त इशारा देताना जे स्वतः पाहिलं ते ‘मी पाहिलं’ म्हणून सांगायचं आणि ऐकलेलं ते ‘ऐकलं’ म्हणून, ‘म्हणे’ पडू द्यायचं नाही.

आणि मन मोकळं करणं हेही असतंच. सासूचं, नणंदेचं, बॉसचं कोणाला तरी सांगितल्याशिवाय माणूस जगणार कसा? ते एका माणसाला सांग, अशा माणसाला ज्याचा त्या वर्तुळाशी संबंध नाही. माहेरची बहीण, कॉलेजची मैत्रीण. आणि ते मन मोकळं करणं राहिलंय का निंदा झालीये हे ओळखायची माझी एक खूण आहे. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना ती जास्त रंगायला लागली, आपण त्या माणसाच्या आवाजाची नक्कल करायला लागलो, कुठे थांबलं की समोरची हसते हे कळायला लागलं, की समजायचं दुःख कधीच संपलंय, आता आपण खेळ करतोय.

तुझ्या बाबतीत भिशीचं बोलणं गरजेचं झालं असतं असा प्रसंगही येऊ शकतो हं. समज पैसे आलेच नसते. नऊ जणींचे 2000 म्हणजे 18000, ज्या बाईचा नंबर लागलाय तिने त्या पैशांवर काही ठरवलेलं असतं, एकीचे नाही आले तर तिच्या हातात 16000 पडतात. तेव्हा गप्प बसणं बरोबर नाही. पण तेव्हाही आधी तिलाच फोन करायचा, ‘काय गं, काही अडचण आहे का, कधीपर्यंत जमेल?’, आणि मग जिचा नंबर आहे फक्त तिला सांगायचं की 2000 अमुक तारखेला येतील. कोणाचे राहिलेत हेही तिला सांगायची गरज नाही, कधी येतील एवढंच तिच्या कामाचं. बाकी सहा जणींचा यात काही संबंध नाही.

आता काय करायचं ते.

आधी डबा. मैत्रिणीकडे जायच्या आधी डब्यात बोल असं मी मुद्दाम सांगतेय, कारण तिची माफी मागायची आणि बोलणं तसंच फिरत ठेवायचं याला काही अर्थ नाही. आणि ते भाषण म्हणून नको, ‘आपण सगळ्यांनीच विचार करायला हवा’ वगैरे नको, सगळ्या बिथरतील आणि तुझ्यावरच दुसऱ्या डब्यात चर्चा होईल. दोन वाक्यं पुरतात, ‘ऐका ना, तिचे जूनचे पैसे पूर्ण आले होते, नुसता पाच दिवस उशीर होता, आणि मी ते इथे बोलायलाच नको होतं. नोकरी-घर त्यातलं काही खरं नाहीये, कोणी विचारलं तर तसं सांगा.’ जो भाग गळाला होता तो परत जोडायचा आणि तुझा वाटा तुझ्या नावाने सांगायचा. हे तू ग्रुपवर टाइप करू नकोस, त्याचा स्क्रीनशॉट तिच्याकडे जाईल आणि तिला वाटेल अजूनही माझ्यावर चर्चा चालूच आहे.

मग ती. एक सांगते, तिला हे काही कळलेलं नसतं तर मी तुला तिच्याकडे जाऊन कबुली दे असं सांगितलं नसतं. जे माणसाला माहीतच नाही ते आपलं मन हलकं व्हावं म्हणून त्याला सांगायचं आणि त्याची झोप घालवायची, ती माफी नसते. पण इथे तिला सगळं कळलंय, तेव्हा जायलाच हवं. फोन उचलत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज नको, एवढंच लिही, ‘मला तुझी माफी मागायचीये, तू म्हणशील तेव्हा येते.’ भेटलात की फक्त स्वतःच्या वाक्याबद्दल बोल, ‘तुझ्या पैशांबद्दल मी चार जणींत बोलले, हिशोब माझ्याकडे आहे म्हणून मला ते माहीत होतं, मी ते सांगायला नको होतं.’ एवढंच.

यात चुका कुठे होतात ते मी पाहिलंय म्हणून आधीच सांगते. ‘पण मी खोटं नव्हते बोलले’ हे तिथे तोंडातून येऊ देऊ नकोस. ‘नवऱ्याचं मी नाही, अमकी म्हणाली’ हेही नको, कारण मग तू माफी मागायला गेलीस आणि चहाडी करून आलीस. ती विचारेल बहुतेक, अजून कोण कोण होतं, तेव्हा म्हण की मी माझ्यापुरतं सांगायला आलेय. तिला पैशांची खरंच अडचण होती का हे विचारू नकोस, ते कुतूहल मनात असेल तर घरी ठेवून जा. आणि शेवटी ‘माफ केलंस ना?’ असं विचारू नकोस, ते तिच्यावर परत एक ओझं होतं, तिला नाही म्हणता येत नाही. तिच्या सासूबाईंना जे ऐकावं लागलं त्याबद्दल तिला वाटलं तर त्यांनाही भेटायची तयारी ठेव, पण आपणहून त्यांच्यासमोर विषय काढू नकोस, घरात काय सांगितलंय तिने ते आपल्याला माहीत नाही. म्हणून भेट घराबाहेर ठेव, स्टेशनजवळ, रविवारी दुपारी, जेव्हा कोणी वाट बघत नसतं.

भिशीचं पण बदल. तारीख ठरव, महिन्याच्या 5 तारखेपर्यंत, आणि आठवण ज्याची त्याला खाजगी मेसेजवर. कितीतरी भिशीच्या ग्रुपांवर मी यादीच बघितलीये, कोणाचे आले त्यांच्यासमोर बरोबरची हिरवी खूण आणि बाकीच्यांसमोर लाल फुली, म्हणजे न बोलता सगळ्यांना सांगून टाकायचं. तुझ्याकडे तशी यादी असेल तर आजच काढून टाक.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, दीड तास बोलायचं काय. आठ वर्षं तुम्ही नुसत्या निंदेवर एकत्र राहिला नाहीत गं, त्या डब्यात तुम्ही एकमेकींची डोहाळजेवणं केली असतील, भाज्या निवडल्या असतील, कोणाला चक्कर आली तर सीट दिली असेल. विषय निघेल, तो काही बंद होणार नाही, आणि दर वेळी तू अडवत बसलीस तर तुझ्याशी कोणी बोलणार नाही. जेव्हा निघेल तेव्हा एक प्रश्न विचारून बघ, अगदी साध्या आवाजात, ‘तिला विचारलंस का?’ बहुतेक वेळा विचारलेलं नसतं आणि विषय तिथेच बसतो. विचारलेलं असेल तर मग अंदाज करायची गरजच राहत नाही. आणि ‘हो काऽऽ?’ म्हणून डोळे मोठे करणं सोड, बोलणारीला त्यानेच बळ येतं. मोबाइलकडे नाही, खिडकीबाहेर बघ, ठाण्याच्या खाडीवरून गाडी जाते तेव्हा तशीही सगळ्यांची नजर तिकडे जातेच.

ती परत त्या गाडीला येईल का, मला सांगता येणार नाही. मेसेजला उत्तर आलं नाही तर मध्ये कोणाला पाठवू नकोस, ‘जरा समजाव ना तिला’ म्हणजे परत तिच्याबद्दल तिच्या मागे बोलणं. महिनाभर थांब, परत एकदा विचार, मग नको. भिशीतला तिचा नंबर अजून लागायचा असेल तर तो ज्या महिन्यात लागेल त्या महिन्यात सगळ्यांकडून वेळेवर गोळा कर आणि पूर्ण 18000 तिला त्याच दिवशी, तिला सोयीचं असेल तिथे जाऊन, मोजून हातात दे. तेव्हा भिशीशिवाय दुसरं काही बोलू नकोस, ती बोलली तर ऐक.